वरिष्ठांचा वाढदिवस : शुभेच्छेत आपुलकी हवी, अघळपघळपणा नको

कार्यालयातील वरिष्ठांचा वाढदिवस ही लिहिणाऱ्याची लहानशी परीक्षाच असते. मित्राला काहीही लिहिले तरी चालते, नातेवाइकाला ठरलेले चार शब्द पुरतात. पण ज्या व्यक्तीच्या टेबलावर आपली रजा मंजूर होते, जी आपला वार्षिक गोपनीय अहवाल लिहिते आणि जिच्याकडून आपण काम शिकलो, तिला लिहिताना हात अडखळतो. जरा जास्त लिहिले तर सहकाऱ्यांना ती खुशामत वाटते. अगदी मोजके लिहिले तर कोरडेपणा जाणवतो. या अडचणीतून सुटण्यासाठी बहुतेक जण दुसऱ्याने पाठवलेले फुलांचे चित्र पुढे ढकलतात किंवा ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा सर’ एवढे लिहून मोकळे होतात. दिवसअखेर वरिष्ठांच्या मोबाइलवर असे चाळीस संदेश जमलेले असतात आणि त्यांपैकी एकही कोणी पाठवला, हे लक्षात राहत नाही.

आपुलकी आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच संदेशात आणता येतात, कारण त्या संदेशाच्या वेगवेगळ्या भागांत राहतात. मर्यादा राहते ती संबोधनात आणि क्रियापदात. आपुलकी राहते ती वरिष्ठांच्या कामाविषयी सांगितलेल्या एखाद्या खऱ्या गोष्टीत. अडचण होते ती या जागांची अदलाबदल झाल्यावर: आपुलकी दाखवण्यासाठी संबोधन सैल केले जाते आणि आदर दाखवण्यासाठी विशेषणांची रास घातली जाते.

संबोधन : तोंडी जे, तेच लेखी

संदेशाचा पहिला शब्द कोणता असावा, याचे उत्तर रोजच्या बोलण्यात असते. वरिष्ठांना कार्यालयात ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटले जात असेल, तर शुभेच्छेतही तेच लिहावे. शाळेत सगळे ‘बाई’ म्हणत असतील, तर एका दिवसापुरते ‘आदरणीय मुख्याध्यापिका महोदया’ करण्याची गरज नाही. गोव्यातील अनेक कार्यालयांत वयाने मोठ्या सहकाऱ्याच्या नावापुढे ‘बाब’ किंवा ‘बाय’ लावण्याची रीत आहे. ती रोजची असेल तर लेखी संदेशातही ती शोभते. मात्र वर्षभर ‘सर’ म्हणणाऱ्याने वाढदिवसाच्या दिवशी एकाएकी ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हटले, तर ती जवळीक उसनी वाटते. उलट बाजूने, रोज ‘ताई’ म्हणणाऱ्याने त्या दिवशी ‘माननीय’ लिहिले, तर काही बिनसले की काय, अशी शंका येते.

मानाच्या विशेषणांचेही आपापले स्थान आहे. ‘माननीय’ हा शब्द पदासाठी असतो. निमंत्रणपत्रिका, अर्ज आणि जाहीर सूचना ही त्याची घरे. ‘आदरणीय’ हा शब्द व्यक्तीसाठी असतो. लेखी शुभेच्छापत्रात तो चालतो, पण मोबाइलवरील चार ओळींत जड होतो. ‘प्रिय’ बरोबरीच्या माणसांत बरा दिसतो. ‘परमपूज्य’ गुरूंसाठी आणि संतांसाठी ठेवावा. साध्या संदेशात या सगळ्यांवाचून नुसते ‘सर,’ किंवा ‘मॅडम,’ असे लिहून स्वल्पविराम दिला, तर आदर कमी होत नाही.

महिला वरिष्ठांच्या बाबतीत ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ ही उपपदे जपून वापरावीत. ‘सौ.’ लिहिताच संदेश त्यांच्या वैवाहिक स्थितीविषयी बोलू लागतो आणि त्या विषयाचा कार्यालयाशी काही संबंध नसतो. ‘श्रीमती’ हे सरकारी पत्रव्यवहारात कोणत्याही महिलेसाठी वापरले जाते, पण मराठी घरांत अजूनही अनेकांच्या कानाला ते विधवेसाठीचे उपपद वाटते. शुभदिनी असा प्रश्न उद्भवू देण्यापेक्षा ‘मॅडम’ किंवा आडनावासह ‘मॅडम’ हे सर्वांत निर्धोक.

क्रियापद : आदर तिथेच ठरतो

मराठीत आदर विशेषणापेक्षा क्रियापदातून अधिक नेमका व्यक्त होतो. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन्ही सर्वनामे वरिष्ठांसाठी चालतात. ‘तुम्ही’ बोलण्यातले, मोकळे आणि तरीही मान राखणारे. ‘आपण’ अधिक औपचारिक. कोणतेही एक निवडावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे. ‘आपणास शुभेच्छा, तुमच्या मार्गदर्शनाबद्दल आभार’ अशी सरमिसळ झाली, की दोन वेगवेगळ्या संदेशांतून ओळी उचलल्याचे वाचणाऱ्याला जाणवते, आणि बहुधा तसेच झालेले असते.

‘आपण’ वापरताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. या शब्दाचा दुसरा अर्थ ‘आपण सगळे’ असाही होतो. ‘मागच्या वर्षी आपण जुन्या नोंदी लावल्या’ असे लिहिले, तर काम सर्वांनी मिळून केले असा अर्थ निघतो आणि ज्यांचे श्रेय सांगायचे होते त्यांचे श्रेय हरवते. ‘आपण जुन्या नोंदी लावल्यात’ असे लिहिले, की शेवटच्या ‘त’मुळे बोट बरोबर त्या व्यक्तीकडे वळते. एका अक्षराचा हा फरक घाईत निसटतो.

शुभेच्छेचा गाभा असलेले क्रियापदही पाहण्यासारखे आहे. ‘शतायुषी व्हा’, ‘सुखी राहा’, ‘यशस्वी व्हा’ ही रूपे समोरच्याला उद्देशून थेट बोलतात. घरात ती मोठ्यांकडून धाकट्यांकडे येतात. तो आशीर्वाद असतो. पंचविशीतल्या लिपिकाने पंचावन्न वर्षांच्या अधिकाऱ्याला ‘यशस्वी व्हा’ म्हटले, तर कोणी रागावणार नाही, पण भूमिका उलटी झाल्यासारखी वाटते. यासाठी मराठीत ‘लाभो’, ‘जावो’, ‘मिळो’, ‘राहो’ ही रूपे आहेत. व्याकरणात तीही आज्ञार्थातच मोडतात, पण त्यांतून आज्ञा उमटत नाही; उमटते ती इच्छा आणि प्रार्थना. ‘आपणास उत्तम आरोग्य लाभो’ या वाक्यात धाकटा माणूस मोठ्याला काही देत नाही. त्याला ते मिळावे एवढेच मागतो.

या रूपांचा दुसरा लाभ गोव्यासारख्या ठिकाणी विशेष जाणवतो. एकाच विभागात हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम सहकारी शेजारी बसतात. ‘ईश्वरचरणी प्रार्थना’ किंवा एखाद्या ग्रामदेवतेची कृपा मागणारी ओळ ज्या घरातून येते तिथे ती मनापासूनची असते, पण वरिष्ठांची श्रद्धा वेगळी असेल तर ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘लाभो’ म्हटले की कोण देणार, हे सांगावेच लागत नाही. वाक्य पूर्ण राहते आणि प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेप्रमाणे ते घेता येते.

मात्र या रूपांना वचन असते, हे अनेकदा विसरले जाते. ‘आपल्या सर्व इच्छा पूर्ण होवो’ हे वाक्य फलकांवर आणि संदेशांत सर्रास दिसते. इच्छा अनेक आहेत, म्हणून ‘पूर्ण होवोत’ हवे. ‘आरोग्य लाभो’ बरोबर, ‘सुखाचे क्षण लाभोत’ बरोबर. तसेच ‘अभिष्टचिंतन’ हे चुकीचे आहे. अभि आणि इष्ट मिळून ‘अभीष्ट’ होते, म्हणून ‘अभीष्टचिंतन’. शिवाय हा शब्द जाहिरातीत आणि सत्कार समारंभात जितका शोभतो, तितका खासगी संदेशात शोभत नाही. ‘जयंती’ हा शब्द तर हयात व्यक्तीसाठी कधीच नको. रोज टिपणे तपासणाऱ्या वरिष्ठांच्या नजरेतून अशा गोष्टी सुटत नाहीत.

भाषा कोणती, हाही प्रश्न इथे येतोच. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. प्रत्यक्ष कार्यालयात मात्र माणसे दोन-तीन भाषांत एकाच वेळी वावरतात. वरिष्ठांशी रोजचे बोलणे कोकणीत होत असेल, तर एका दिवसापुरती ग्रंथस्थ मराठी परकी वाटेल. तिथे कोकणीतच लिहावे. बोलणे मराठीत असेल तर मराठीत. ज्या भाषेत दोघांत काम चालते, तीच शुभेच्छेची भाषा. न येणाऱ्या भाषेतले आयते वाक्य चिकटवण्यापेक्षा येणाऱ्या भाषेतले साधे वाक्य केव्हाही बरे.

आपुलकी : एक खरी गोष्ट

‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’, ‘आधारस्तंभ’, ‘प्रेरणास्थान’ हे शब्द खोटे नसतात, पण कोणाच्याही नावापुढे बसतात. म्हणूनच त्यांतून ऊब येत नाही. ऊब येते ती वरिष्ठांनी केलेली एखादी लहान, निश्चित गोष्ट आठवल्याने. ती गोष्ट तीन कसोट्यांना उतरावी. ती लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेली असावी. ती कामाशी निगडित असावी. आणि तिचा परिणाम अजून शिल्लक असावा, म्हणजे त्यामुळे लिहिणाऱ्याच्या कामात काही बदलले असावे. ‘आपण उत्तम मार्गदर्शक आहात’ हे मत झाले. ‘टिपणी लिहिताना पहिल्या ओळीत मागणी लिहावी, हे आपल्याकडून शिकलो’ ही साक्ष झाली. मतावर शंका घेता येते, साक्षीवर सहसा येत नाही. म्हणूनच अशा वाक्यावर खुशामतीचा आरोपही टिकत नाही.

हे कसे घडते, ते एका काल्पनिक पण ओळखीच्या वाटणाऱ्या उदाहरणावरून पाहता येईल. पणजीतील एका सरकारी खात्याच्या लेखा विभागात एक तरुण लिपिक दोन वर्षांपासून काम करतो. मार्चअखेरीस त्याने तयार केलेले एक देयक लेखाशीर्ष चुकल्यामुळे आक्षेप लागून परत आले. ३१ मार्चपूर्वी ते मंजूर झाले नसते, तर त्या वर्षासाठीची तरतूद वाया गेली असती. विभागाच्या लेखा अधिकारी मॅडमनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी देयक त्याच दिवशी दुरुस्त करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी खात्याला लागणाऱ्या लेखाशीर्षांच्या यादीवर पेन्सिलीने खुणा करून ती यादी त्याच्या हातात दिली. आता जूनमध्ये मॅडमचा वाढदिवस आहे. त्याला मनापासून काही लिहायचे आहे. पण यंदाचा गोपनीय अहवालही त्याच लिहिणार आहेत, हे त्याला आणि शेजारच्या टेबलांवरील सर्वांना ठाऊक आहे.

त्याचा पहिला मसुदा असा होतो :

‘परमआदरणीय, आमच्या कार्यालयाच्या आधारस्तंभ, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ व प्रेरणास्थान मॅडम यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! देव आपणास उदंड आयुष्य देवो. आपल्या सर्व इच्छा पूर्ण होवो. आपली कृपादृष्टी आमच्यावर अशीच राहो!’

या मसुद्यात हेतू वाईट नाही, पण वाचणाऱ्याला तो फलकावरचा मजकूर वाटतो. ‘मॅडम यांना’ अशी सुरुवात करून पुढे ‘आपणास’ आले आहे, म्हणजे आधी मॅडमविषयी लोकांना सांगितले आणि मग एकदम मॅडमकडे वळून बोलणे सुरू झाले. ‘होवो’च्या जागी ‘होवोत’ हवे होते. पण खरा दोष शेवटच्या वाक्यात आहे. शुभेच्छा समोरच्यासाठी असते. ‘कृपादृष्टी आमच्यावर राहो’ म्हणताच ती स्वतःसाठीची मागणी होते. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला पाठवलेल्या संदेशात हे वाक्य सर्वांना नेमके तसेच वाचता येते.

दुसरा मसुदा तो घाबरून लिहितो : ‘मॅडम, आपणास वाढदिवसानिमित्त शुभेच्छा.’ यात एकही चूक नाही. ज्या अधिकाऱ्यांशी फारशी ओळख नाही, ज्यांच्याशी केवळ फायलीवरचा संबंध आहे, त्यांच्यासाठी हाच संदेश योग्य आहे. उगाच ऊब आणण्याची गरज नसते. पण दोन वर्षे शेजारी बसून शिकलेल्या माणसाकडून आलेले हे एक वाक्य पोचपावतीसारखे वाटते.

तिसऱ्या मसुद्यात तो मन मोकळे करतो : ‘मॅडम, तुम्ही नसता तर माझी नोकरीच गेली असती. माझ्या चुकीमुळे देयक परत आले, साहेब चिडले, बाकीच्यांनी हात वर केले, पण तुम्ही आईसारख्या पाठीशी उभ्या राहिलात. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.’ खरी गोष्ट आता मसुद्यात आली आहे, पण तिच्याबरोबर नको ते बरेच काही आले आहे. एका परत आलेल्या देयकाने नोकरी जात नाही, म्हणून अतिशयोक्तीने खऱ्या गोष्टीचेही वजन घटवले. ‘साहेब चिडले’ आणि ‘हात वर केले’ या शब्दांत दोन त्रयस्थांची तक्रार आहे. हा संदेश उद्या कोणाच्या दृष्टीस पडला, तर अवघडलेपण मॅडमना येईल. ‘आईसारख्या’ या शब्दाने कामाचे नाते घरात नेले आणि नकळत वयाचाही उल्लेख झाला. ‘उपकार’ म्हटल्यावर मॅडमनी जे कर्तव्य म्हणून केले ते ऋण झाले, आणि ऋण मानणाऱ्याशी पुढे कठोरपणे बोलणे कोणालाही जड जाते. अधिकाऱ्याला ती मोकळीक राहू देणे, हीच कामाच्या नात्यातील मर्यादा.

चौथा मसुदा या तिघांतून गाळून उतरतो :

‘मॅडम, वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. मार्चअखेरीस आपण लेखाशीर्षांच्या यादीवर पेन्सिलीने खुणा करून ती मला दिलीत. ती यादी अजून माझ्या टेबलावर आहे आणि प्रत्येक देयक पाठवण्यापूर्वी मी ती पाहतो. येणारे वर्ष आपणास उत्तम आरोग्याचे आणि समाधानाचे जावो.’

खाली नाव आणि विभाग. चार वाक्ये, चाळीसच्या आसपास शब्द. पहिल्या वाक्यात निमित्त, दुसऱ्यात मॅडमनी केलेली गोष्ट, तिसऱ्यात तिचा आजवर टिकलेला परिणाम, चौथ्यात इच्छा. चुकीचा, साहेबांचा किंवा इतरांचा उल्लेख नाही. ‘थोर’, ‘महान’ असे एकही विशेषण नाही, तरी मॅडम कशा अधिकारी आहेत ते कळते. ‘मी ती पाहतो’ हे वाक्य तर मॅडम जाता-येता टेबलाकडे नजर टाकूनही पडताळू शकतात.

गटावर काय, खासगीत काय

हा चौथा मसुदा मॅडमना थेट पाठवण्याजोगा आहे. कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर तोच टाकावा का, याचा वेगळा विचार करावा लागतो. गटावरच्या संदेशाचा वाचक एक नसतो. तिथे वरिष्ठांचे वरिष्ठ असतात, बरोबरीचे असतात आणि ज्यांना तशी यादी कधी मिळाली नाही तेही असतात. खासगीत जे कृतज्ञतेसारखे वाटते, ते गटावर जवळिकीचे प्रदर्शन वाटू शकते. शिवाय एकाने चार ओळी लिहिल्या, की इतरांवर पाच ओळी लिहिण्याचा दबाव येतो आणि शुभेच्छांची चढाओढ सुरू होते.

म्हणून गटावर दोन वाक्ये पुरेत : ‘मॅडम, वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. येणारे वर्ष आपणास उत्तम आरोग्याचे आणि समाधानाचे जावो.’ गटात अनेक ‘सर’ आणि ‘मॅडम’ असतील तर आडनाव जोडावे, नाहीतर आभार दुसरेच कोणीतरी मानतात. विभागातील सर्वांनी मिळून एकच संदेश टाकला आणि खाली ‘लेखा विभाग’ एवढेच लिहिले, तर आणखी चांगले. अशा सामूहिक संदेशात मात्र सर्वांनी पाहिलेली गोष्ट सांगता येते. उदाहरणार्थ, वर्षअखेरीस विभागातील एकही देयक प्रलंबित राहिले नाही, हे. ते सर्वांच्या कामाचेही श्रेय असते, म्हणून कोणाला खुपत नाही.

वेळेचेही भान हवे. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला पाठवलेला संदेश मित्रांमध्ये गोड वाटतो. वरिष्ठांच्या उशाशी वाजलेला मोबाइल तसा वाटेलच असे नाही. सकाळी कार्यालय सुरू होण्याच्या सुमारास संदेश पोहोचावा. आणि दोघे एकाच इमारतीत असतील, तर संदेश पाठवूनही समोर गेल्यावर तोंडी एक वाक्य बोलावेच. लेखी लिहून समोरून गुपचूप निघून जाणे विचित्र दिसते. तोंडी शुभेच्छा देताना मात्र लिहिलेले सगळे पुन्हा म्हणू नये. ‘मॅडम, वाढदिवसाच्या शुभेच्छा’ एवढे पुरे.

जे विषय बाहेर ठेवावेत

पहिला विषय वयाचा. ‘पन्नाशी गाठलीत तरी तरुण दिसता’ ही स्तुती वाटते, पण ती दिसण्याविषयी आणि वयाविषयी एकदमच बोलते. दोन्ही गोष्टी कार्यालयीन शुभेच्छेत नकोत. नोंदीतील जन्मतारखेवर विसंबून वयाचा आकडा काढणे तर अधिकच धोक्याचे. जुन्या पिढीतील अनेकांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख आढळते. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसल्याने गुरुजींनी ती लिहून टाकलेली असते. अशा व्यक्तीला १ जूनला शुभेच्छा दिल्या तर ती हसून स्वीकारते, पण घरी वाढदिवस वेगळ्याच दिवशी, काही घरांत तिथीप्रमाणे, साजरा होत असतो. सेवापुस्तिका चाळून तारीख काढण्यापेक्षा जवळच्या सहकाऱ्याला विचारणे बरे. ती नोंद त्या कामासाठी नसतेच.

साठाव्या वाढदिवसाची गोष्ट आणखी वेगळी. केंद्र सरकारच्या मूलभूत नियम ५६ प्रमाणे कर्मचारी ज्या महिन्यात ६० वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. जन्मतारीख महिन्याची १ असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी. हा नियम जिथे लागू आहे, तिथे साठावा वाढदिवस आणि निरोप यांत जेमतेम काही दिवसांचे अंतर असते. साहजिकच शुभेच्छेत ‘आपली उणीव भासेल’, ‘पुढील निवृत्त जीवनासाठी’ अशी वाक्ये शिरतात. ती त्या दिवशी टाळावीत. वाढदिवसाच्या दिवशी व्यक्ती अजून खुर्चीवर असते आणि फाइल तिच्याच सहीने पुढे जाणार असते. निरोपाचे शब्द निरोपाच्या दिवसासाठी राखून ठेवले, तर दोन्ही प्रसंगांना आपापला मान मिळतो.

दुसरा विषय आजार आणि कुटुंब यांचा. वरिष्ठ नुकतेच आजारपणातून उठले असतील, तर ‘उत्तम आरोग्य लाभो’ एवढ्यातच सगळे येते. आजाराचे नाव काढू नये. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर त्या वर्षी पुष्कळ जण वाढदिवस साजरा करत नाहीत. अशा वेळी गटावर काही न टाकता खासगीत ‘आज आपली आठवण आहे. येणारे दिवस आपणास बळ देणारे असोत’ अशा दोन वाक्यांनी काम भागते. तिथे केकचे चित्र आणि उद्गारचिन्हांची रांग नको.

तिसरा विषय कामाच्या मागणीचा. शुभेच्छेच्या खालीच ‘सर, माझ्या रजेच्या अर्जाचे पाहावे’ असे लिहिले गेले, की वरची चार वाक्ये त्या पाचव्या वाक्याची प्रस्तावना ठरतात. मागणी रास्त असली तरी ती त्या दिवशी वेगळ्या संदेशातही टाळावी. अगदी तातडीची असेल तर नेहमीच्या मार्गाने, फायलीवरून जाऊ द्यावी.

आणि तारीख चुकलीच तर? उशिरा दिलेल्या शुभेच्छेला मोठ्या खुलाशाची गरज नसते. ‘मॅडम, काल आपला वाढदिवस होता हे आज कळले. मनःपूर्वक शुभेच्छा’ यात सगळे येते. कामाचा व्याप, नेटवर्क नसणे, घरचे कार्य ही कारणे लिहू लागले की संदेश वरिष्ठांविषयी राहत नाही, लिहिणाऱ्याविषयी होतो.

पाठवण्यापूर्वी मसुदा तपासण्याच्या दोन साध्या रीती आहेत. संदेशातील नाव काढून तिथे दुसऱ्या अधिकाऱ्याचे नाव घालून पाहावे. तो तसाच चपखल बसला, तर त्यात आपुलकी अजून आलेली नाही. मग तोच संदेश विभागात सर्वांसमोर मोठ्याने वाचला जात आहे अशी कल्पना करावी. एखाद्या शब्दाशी कान तापले, तर मर्यादा तिथे सुटली आहे. तो शब्द काढून टाकावा. बहुतेक वेळा ते एखादे विशेषण असते आणि ते गेल्याने काहीच कमी होत नाही.